शिफारसपत्राची विनंती: मॅडमना लिहिताना स्वतःच्या आजाराचा उल्लेख करावा का?

रानजाई
क्लिनिकल सायकॉलॉजीच्या इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र हवंय. ज्या मॅडमच्या देखरेखीखाली प्रॅक्टिकम केलं, त्यांना ही मेल पाठवणार आहे:

"आदरणीय मॅडम, मी आपली विद्यार्थिनी. आपल्या तासांना मी नियमित हजर असे. मला लोकांना मदत करण्याची मनापासून आवड आहे. मी स्वतः दोन वर्षं नैराश्यातून गेले असल्यामुळे रुग्णांचं दुःख मला आतून कळतं. कृपया इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र द्यावं. शुक्रवारपर्यंत मिळाल्यास बरं होईल."

नैराश्याचं वाक्य ठेवू की काढू? आणखी काही खटकतंय का?

सावळाराम
काढा, विचारही करू नका. २००६ मध्ये ॲपलबी आणि ॲपलबी यांनी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की चांगल्या उमेदवाराचाही अर्ज कशामुळे बाद होतो. स्वतःच्या मानसिक आजाराचं वर्णन त्या यादीत होतं. विषय संपला.
त्याऐवजी दोन-तीन केस नोट्स नावं खोडून मेलला जोडा. मॅडमना लिहायला आयता मजकूर मिळेल.

निशिगंध
विषय अजिबात संपत नाही. उद्या हीच मुलगी रुग्णांना सांगणार, "लाज बाळगू नका, बोला." आणि स्वतःच्या शिक्षिकेशी बोलताना मात्र गप्प बसायचं? तुम्ही म्हणता तो अभ्यास प्रवेश अर्जांबद्दल आहे, शिक्षकांना केलेल्या खासगी विनंतीबद्दल नाही. इंटर्नशिपबद्दल तर नाहीच.

अवखळ
एवढा काथ्याकूट कशाला? माझ्या सरांनी सरळ सांगितलं होतं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मीच लिहिलं, सही झाली, मिळाली इंटर्नशिप. स्वतःचं कौतुक स्वतः करताना आजारपण कोण लिहितं? पानभर चांगलं चांगलं लिहा आणि पाठवून द्या.

मधुकर_क
अवखळ, धागा शिफारसपत्राच्या मजकुराबद्दल नाही, ते मागणाऱ्या मेलबद्दल आहे. तरी तुमच्या वाटेतला एक धोका सांगतो. विद्यार्थ्याने दोन शिक्षकांची पत्रं स्वतःच लिहिली, तर दोन्हींत तीच विशेषणं आणि तशीच वाक्यं येतात. शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

रानजाई, आजाराच्या वाक्याकडे नंतर येतो, कारण त्याहून मोठी अडचण त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत आहे. हजेरी आणि मदतीची आवड वाचून मॅडमना लिहिण्यासारखं काहीच हाती लागत नाही. इंटर्न निवडणाऱ्याच्या मनातला प्रश्न फार साधा असतो: या व्यक्तीला देखरेखीखाली रुग्णासमोर बसवता येईल का? चूक दाखवली तर ती सुधारते का, नोंदी वेळेवर आणि नीट लिहिते का, जोखीम दिसली की स्वतःच निस्तरायला न जाता वरिष्ठांना बोलावते का. हे मॅडमनी पाहिलं असेल, तर मेलने त्यांना त्याचीच आठवण करून द्यायला हवी. साधारण असं:

"आदरणीय मॅडम, मागच्या सत्रात आपल्या देखरेखीखाली मी बाह्यरुग्ण विभागात १२ प्रथम मुलाखती घेतल्या. मी ज्या इंटर्नशिपसाठी अर्ज करते आहे, तिथे प्रौढ रुग्णांचं मूल्यमापन आणि आत्महत्येच्या जोखमीची विचारपूस हे मुख्य काम आहे. सुरुवातीच्या नोंदींत रुग्ण काय म्हणाला ते न लिहिता मी माझा निष्कर्षच लिहीत असे. आपण ते दाखवल्यावर मी रुग्णाचे शब्द आणि माझा अंदाज वेगळे लिहू लागले. या कामाच्या आधारे माझ्यासाठी ठाम शिफारस करता येईल असं आपल्याला वाटतं का? वाटत नसल्यास निःसंकोच सांगावं. अंतिम तारीख २५ दिवसांनंतर आहे. माहितीपत्रक आणि माझा बायोडेटा जोडला आहे."

आकडे तुमचे घाला. "ठाम" हा शब्द मात्र काढू नका. नुसतं "पत्र द्याल का" म्हटलं की भिडेखातर होकार मिळतो आणि मग पत्रात हजेरी आणि गुणांपलीकडे काही येत नाही. अशा कोमट पत्राने अर्ज घसरतो आणि का घसरला ते तुम्हाला कधीच कळत नाही. उत्तर "हो, देईन, तुझी गुणपत्रिका पाठव" इतकंच आलं, तर सावध व्हा. मॅडमना तुमचं काम आठवत नसण्याची शक्यता आहे. पुढच्या मेलमध्ये एखाद्या पर्यवेक्षण बैठकीची आठवण द्या, तरीही थंड प्रतिसाद आला तर दुसऱ्या पर्यवेक्षकांना विचारा. आणि शुक्रवारपर्यंतची मुदत विसरा. तीन-चार आठवडे द्यावेत.

सावळाराम
बाकी पटलं, पण मेलमध्ये आपणच आपली चूक सांगायची? हे तर पायावर धोंडा पाडून घेणं झालं.

मधुकर_क
शिफारशीच्या बऱ्याच फॉर्ममध्ये "उमेदवाराने कुठे सुधारणा करावी" असा रकाना असतो. तिथे "काहीही नाही" लिहिलेलं दिसलं, तर वाचणारा समजतो की पत्र लिहिणाऱ्याने हिचं काम जवळून पाहिलेलं नाही. दाखवलेली आणि सुधारलेली चूक त्या रकान्यात खरी उतरते, शिवाय पर्यवेक्षण घेता येतं हेही त्यातून दिसतं. अजून न सुधारलेली चूक मात्र आपणहून लिहू नये.

केस नोट्स जोडण्याचा तुमचा सल्ला धोक्याचा आहे. नाव खोडलं तरी वय, व्यवसाय, घरची परिस्थिती आणि तक्रार एकत्र आली की माणूस ओळखू येतो. रुग्णाने ती माहिती उपचारासाठी दिली होती, विद्यार्थिनीच्या अर्जासाठी नाही. मॅडमनी त्या नोंदी देखरेखीत पाहिल्याच आहेत. "मुलाखतींच्या नोंदी" एवढा उल्लेख पुरतो. अशी फाइल जोडलेली मेल कुणी पुढे पाठवली, तर शिफारस राहिली बाजूला, गोपनीयतेच्या भंगाचं प्रकरण उभं राहील.

निशिगंध
आणि मूळ प्रश्न?

मधुकर_क
माझं मत काढावं असंच आहे, पण सावळाराम यांच्या कारणासाठी नाही. त्या अभ्यासाची मर्यादा तुम्ही बरोबर दाखवलीत.
पहिलं कारण असं की त्या वाक्याने मॅडम पेचात पडतात. हे पत्रात लिहायचं की लपवायचं, लिहिलं तर रानजाईची संमती आहे का, हे मेलमधून कळत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत कलम ७.०४ आहे. काही अपवाद सोडले तर विद्यार्थ्याला स्वतःच्या उपचारांबद्दल सांगायला भाग पाडू नये, असं ते सांगतं. स्वतःहून सांगायला बंदी नाही, पण हे सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही, ही तुमची ढाल आहे. ती विनाकारण खाली ठेवू नका.
दुसरं कारण क्लिनिकल आहे. "रुग्णांचं दुःख मला आतून कळतं" हे वाचून अनुभवी पर्यवेक्षकाच्या भुवया उंचावतात. तुमचं नैराश्य आणि समोरच्याचं नैराश्य एक नसतं. ते एकच समजणारा इंटर्न विचारायचे प्रश्न गाळतो, कारण उत्तर आपल्याला माहीतच आहे असं त्याला वाटतं.

निशिगंध
दुसरं कारण मान्य, वाक्य तसं नकोच. पण आजारपणामुळे एखादं सत्र बुडालं असेल तर? मॅडमनी त्या खंडाचं काय सांगायचं? आणि जिथे आजारातून गेलेल्यांनाच समुपदेशनात सोबती म्हणून घेतात, तिथे हाच अनुभव पात्रता ठरतो. सरसकट "काढा" म्हणणं मला पटत नाही.

मधुकर_क
खंड असेल तर "प्रकृतीच्या कारणाने एक सत्र थांबले होते, आता पूर्णवेळ काम करते आहे" इतकं पुरे, आणि यातलं काय पत्रात लिहिलेलं चालेल तेही सोबत सांगा. सोबती म्हणून काम हा वेगळा अर्ज झाला. तिथे तुमचं खरं आहे.

निशिगंध
वेगळा नाही, तोही याच क्षेत्रातला आहे. असो, इथे आपलं एकमत होणार नाही.

रानजाई
खंड नाही, म्हणून वाक्य काढते. पण १२ पैकी ३ मुलाखतींनाच मॅडम खोलीत होत्या. बाकीच्यांच्या फक्त नोंदी तपासल्या. मग "१२" लिहू का?

मधुकर_क
"१२ मुलाखती, त्यातल्या ३ आपल्या उपस्थितीत" असं लिहा. काम प्रत्यक्ष पाहिलं की नोंदींवरून, हे मॅडमना पत्रात सांगावं लागू शकतं. तुम्ही आधीच स्पष्ट केलंत तर त्यांना जुनी वही उघडून मोजत बसावं लागणार नाही.