एकाच कंपनीत चार पदं, पण रेझ्युमेत चारदा तेच काम. कसं लिहावं?

निरंजनी
नमस्कार मंडळी. जून २०१५ पासून मी एकाच कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. ज्युनियर अकाउंटंट म्हणून लागले, एप्रिल २०१८ मध्ये अकाउंटंट झाले, एप्रिल २०२० मध्ये सीनियर अकाउंटंट आणि जुलै २०२२ पासून असिस्टंट मॅनेजर. आता बाहेर अर्ज करायचे आहेत. रेझ्युमे लिहायला बसले आणि अडकले. चारही पदांखाली व्हेंडरची बिलं, रिकन्सिलिएशन, मंथ एंड, ऑडिटला मदत हेच येतंय. यातलं काही खोटं नाही, ही कामं मी खरंच सगळी वर्षं केली. पण वाचणाऱ्याला वाटेल की ही इतकी वर्षं एकाच टेबलावर बसून आहे. एक मैत्रीण म्हणते, फक्त शेवटचं पद लिही आणि तारीख २०१५ पासून टाक. मला ते बरोबर वाटत नाही. कसं मांडू?

कागदपत्री
चार स्वतंत्र नोंदी करा. प्रत्येक नोंदीत कंपनीचं नाव पुन्हा, पद, तारखा आणि खाली काम. कंपन्यांची सॉफ्टवेअरं कंपनी, पद, तारीख असा त्रिकूट शोधतात. कंपनीचं नाव एकदाच दिलं तर खालची पदं त्यांना कळतच नाहीत. मी असंच करतो.

तिसरी घंटा
निरंजनीताई, मैत्रिणीचा सल्ला अजिबात ऐकू नका. मी कर्मचाऱ्यांची पूर्वमाहिती पडताळण्याचं काम करते. आम्ही जुन्या कंपनीला विचारतो तेव्हा पद आणि तारखा या दोन गोष्टी हमखास विचारतो. रेझ्युमेत असिस्टंट मॅनेजर २०१५ पासून आणि कंपनीच्या उत्तरात २०२२ पासून, म्हणजे सात वर्षांची तफावत. तुमचा हेतू जागा वाचवण्याचा होता हे आमच्या अहवालात कुठेच येत नाही. तिथे फक्त "माहिती जुळत नाही" एवढंच लिहिलं जातं. पदाचं नावही पत्रात आहे तेच ठेवा.

उंबरठा
बरीच वर्षं अकाउंट्स आणि फायनान्सच्या जागांसाठी रेझ्युमे वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदपत्रींच्या मुद्द्याबद्दल. सॉफ्टवेअरची अडचण खरी आहे, पण उपाय अर्धाच बरोबर आहे. चार स्वतंत्र नोंदी घाईत वाचल्या की चार नोकऱ्या वाटतात. तारखांकडे नजर गेली तर "ही दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलते" असा समज होतो, म्हणजे तुमची सगळ्यात जमेची बाजूच उलटी वाचली जाते. त्यामुळे कंपनीचं नाव एकदाच, त्याच ओळीत पूर्ण कालावधी, आणि खाली पदं नव्याकडून जुन्याकडे. प्रत्येक पद आणि त्याच्या तारखा एकाच ओळीत ठेवा. तक्ता किंवा दोन रकाने नकोत. अर्ज ऑनलाइन असेल तर फाइल चढवल्यावर जो आपोआप भरलेला फॉर्म दिसतो तो नीट वाचा. पुष्कळदा वरचंच पद सगळ्या वर्षांना चिकटलेलं असतं. तसं दिसलं तर फॉर्ममध्ये मात्र चारही पदं वेगवेगळी भरा, कंपनीचं नाव पुन्हा लिहून. कागदपत्रींची पद्धत तिथे योग्य आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. कामं सारखी येतात, कारण तुम्ही कामांची नावं लिहिताय. नावं बदलत नाहीत, कामातली तुमची जागा बदलते. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक पदासमोर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: आधी ज्या गोष्टीसाठी वरच्यांची सही लागायची, अशी कोणती गोष्ट या पदावर आल्यावर तुम्ही स्वतः ठरवू लागलात? इथे सांगितलंत तर पुढचं बघू.

एकपदरी
माझं तर उलटंच आहे. अकरा वर्षं झाली, पद एकच. बढती कशी मागायची हे कोणी सांगेल का? काम तिप्पट झालं, पण पत्र काही येत नाही.

उंबरठा
एकपदरी, बढती मागण्याचा विषय वेगळा आहे, त्यासाठी नवा धागा काढा, तिथे नक्की लिहीन. रेझ्युमेपुरतं सांगायचं तर पदाचं नाव स्वतः बदलू नका. त्या एका पदाखाली वर्षांचे दोन टप्पे पाडा आणि काम कधी वाढलं ते दाखवा. "२०१९ पासून दुसऱ्या शाखेचं कामही माझ्याकडे" अशी ओळ पद न बदलताही वाढ सांगते.

निरंजनी
उंबरठा, कागद घेऊन बसले. ज्युनियर असताना बिलांच्या नोंदी करायचे, एकूण एक तपासून घ्यावी लागे. अकाउंटंट झाल्यावर साधारण १२० व्हेंडरचं रिकन्सिलिएशन पूर्ण माझ्याकडे आलं, फरक निघाला तर व्हेंडरशी मीच बोलायचे. सीनियरचं सांगायला थोडं अवघड आहे. त्या वर्षी कंपनीने सगळ्यांची पदनामं बदलली, पत्र आलं, काम तेच राहिलं. मंथ एंड माझ्याकडे २०२१ च्या सुरुवातीला आलं. असिस्टंट मॅनेजर झाल्यापासून चार जणांची टीम आहे, ठरावीक रकमेपर्यंतची पेमेंट माझ्या मंजुरीने जातात, ऑडिटरच्या प्रश्नांना मी थेट उत्तर देते.

उंबरठा
बघा, वाढ तर ढळढळीत दिसतेय, ती "मंथ एंडमध्ये सहभाग" या शब्दांखाली दबली होती.

आता प्रत्येक काम एकदाच लिहायचं, जिथे ते पहिल्यांदा तुमच्या हाती आलं तिथे. बिलांच्या नोंदी ज्युनियरखाली आल्या की वर परत आणू नका. वर ते काम आणायचंच असेल तर रूप बदलून येऊ दे: नोंदी करणाऱ्या चौघांचं काम वाटून देणं आणि तपासणं. लिहून झालं की एक परीक्षा करा. वरच्या पदाखालची ओळ उचलून खालच्या पदाखाली ठेवा. कोणाच्या लक्षातही येणार नसेल तर ती ओळ काढा किंवा नव्याने लिहा.

जागाही समान वाटू नका. आत्ताच्या पदाला चार-पाच ओळी, मधल्यांना दोन-तीन, ज्युनियरला एकच. चारही पदांना पाच-पाच ओळी दिल्या की डोळ्यांना चढ दिसतच नाही, मजकूर कितीही चांगला असो.

सीनियरचं पद मी अकाउंटंटसोबत एका नोंदीत घेईन, कारण २०२० ला काम बदललं नव्हतं. पदनामं आणि तारखा दोन्ही मात्र लिहीन. साधारण असं (रेझ्युमे इंग्रजीत असेल, इथे मराठीत मांडतोय):

```
कंपनीचं नाव            जून २०१५ – आजपर्यंत

असिस्टंट मॅनेजर, अकाउंट्स    जुलै २०२२ – आजपर्यंत
- ४ जणांच्या टीमचं कामवाटप आणि तपासणी
- ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पेमेंटना मंजुरी
- ऑडिटरच्या प्रश्नांना थेट उत्तरं

सीनियर अकाउंटंट         एप्रिल २०२० – जून २०२२
अकाउंटंट              एप्रिल २०१८ – मार्च २०२०
- सुमारे १२० व्हेंडरच्या रिकन्सिलिएशनची पूर्ण जबाबदारी
- २०२१ पासून मंथ एंड स्वतंत्रपणे पूर्ण

ज्युनियर अकाउंटंट        जून २०१५ – मार्च २०१८
- खरेदी बिलांच्या नोंदी
```

वरच्या पदाखाली अजून दोन ओळींची जागा आहे. तिथे असं काही हवं की जे तुमच्यामुळे बदललं. मंथ एंडला किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात?

तिसरी घंटा
पदं एकत्र करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तारखा दोन्ही दिल्यात म्हणून पडताळणीत अडचण येणार नाही, हे मान्य. पण २०२१ ला मंथ एंड हाती आलं हीच सीनियर पदाची खरी सुरुवात आहे. ती ओळ एकत्र नोंदीत टाकली की सीनियर हे पद नुसतं नावापुरतं वाटतं. मी दोन्ही वेगळी ठेवून सीनियरखाली फक्त मंथ एंडची ओळ देईन.

उंबरठा
यात तथ्य आहे. जिथे अर्ज करताय तिथे मंथ एंडला महत्त्व असेल तर वेगळं ठेवलेलं जास्त बोलेल. मी एकत्र करतो ते मुलाखतीच्या धास्तीने. "२०२० ला बढती मिळाली, तेव्हा काय बदललं?" असं विचारलं तर उत्तर "काही नाही" असं येतं, आणि ते ऐकायला बरं नसतं.

कागदपत्री
फॉर्म आपोआप भरला जातो ते मी कधी तपासलं नव्हतं. आत्ता एका ठिकाणी करून पाहिलं, माझ्या चार नोंदी बरोबर आल्या. पण मुलाखतीत मला एकदा "इतक्या नोकऱ्या का बदलल्या?" असं विचारलं होतं, त्याचं कारण आज कळलं. प्रत्येक पदाआधी "बढती" असा शब्द घालावा का?

उंबरठा
कंपनीच्या ओळीखाली एकदाच पुरे: "याच कंपनीत तीन बढत्या". पण निरंजनीताईंनी तीन लिहू नये. त्यांची २०२० ची बढती पदनामबदलाची आहे, त्यांनी दोन म्हणावं किंवा आकडाच टाळावा.

निरंजनी
आकडा टाळते. मंथ एंडला आधी ९ दिवस लागायचे, आता ६. वाहतुकीची बिलं उशिरा यायची म्हणून सगळं थांबायचं. मी दर महिन्याच्या २५ तारखेला प्रत्येक विभागाकडून न आलेल्या बिलांची यादी मागवायला सुरुवात केली आणि त्यावरून प्रोव्हिजन करायला लागले. पण हे मी सीनियर असताना सुरू केलं आणि ६ दिवसांवर आलं ते असिस्टंट मॅनेजर झाल्यावर. कोणत्या पदाखाली लिहू?

उंबरठा
पद्धत सुरू केली ती ओळ सीनियरखाली, त्या वेळी जितके दिवस कमी झाले असतील तितकेच लिहून. पुढची घट वरच्या पदाखाली, टीमकडून ते दर महिन्याला करून घेतलंत म्हणून. ९ वरून ६ ही पूर्ण घट दोन्हीकडे लिहू नका. आणि हो, आता तुमची पदं एकत्र करायचा आग्रह मी सोडतो, सीनियरला सांगण्यासारखं स्वतःचं काहीतरी मिळालं.

निरंजनी
जून २०२२ ला नेमके किती दिवस लागत होते ते आठवत नाही. सात असावेत. उद्या ऑफिसात त्या वेळच्या क्लोजिंगच्या मेलच्या तारखा बघते आणि मगच आकडा टाकते.