नोटीस अर्धवट सोडली, तर वसुली बेसिकवर की ग्रॉसवर?

नवी_वाट: माझा ग्रॉस पगार 60,000, त्यात बेसिक 24,000. नोटीस 60 दिवसांची होती, 25 दिवस भरून मी नव्या नोकरीत रुजू झालो. 12 दिवसांची रजा शिल्लक. नेमणूकपत्रात एवढंच वाक्य आहे: ‘नोटीस पूर्ण न केल्यास उरलेल्या काळाचे वेतन भरावे लागेल.’ फुल अँड फायनलमध्ये 35 दिवसांचे पैसे ग्रॉसने कापले, रजेचे मात्र बेसिकने दिले. उलट मीच कंपनीला 10,400 देणं लागतो म्हणे. हे बरोबर आहे का?

एचआर_ताई: बरोबर आहे. तुम्ही सही केली होती. माणूस अचानक गेला की त्याचं काम दुसऱ्यावर पडतं, बदली माणूस मिळेपर्यंत ग्राहकाची बोलणी आम्ही खातो. हिशेब बघा: 25 दिवसांचे 50,000, रजेचे 9,600, आणि वजा 70,000. आकड्यात चूक नाही. ग्रॉस म्हणजेच वेतन, भत्ते काही फुकट मिळत नाहीत.

जुना_हिशेबनीस: ताई, आकडा जुळला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. एकाच कागदावर ‘वेतन’ शब्दाचे दोन अर्थ कसे? रजेचं धोरण बेसिकवर असेल तर असो, पण वसुलीचा आधार लिहिलेलाच नाही. बेसिक धरलं तर 35 दिवसांचे 28,000 होतात आणि त्यांनाच 31,600 मिळायला हवेत. म्हणजे एका शब्दावर 42,000 चा फरक. इतक्या वर्षांत मी दोन्ही प्रकारची धोरणं पाहिली, पण ज्यांनी स्पष्ट लिहिलं होतं त्यांच्याकडे भांडणं झाली नाहीत.

बिनधास्त_बोलतो: वाद कशाला? सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बँकेची नोकरी मुदतीआधी सोडणाऱ्याची 2 लाखांची वसुली वैध ठरवली. म्हणजे कंपनीला हवं ते कापता येतं.

कामगार_वकील: अर्धंच खरं, दादा. त्या खटल्यात किमान 3 वर्षं नोकरीची अट होती आणि रक्कम करारात आकड्यानिशी लिहिलेली होती. सरकारी बँकेला नवी भरती जाहिरात देऊन, खुल्या स्पर्धेतून करावी लागते, हा खर्चही न्यायालयाने विचारात घेतला. त्यातून ‘हवं ते’ निघत नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते.

नवी_वाट, तुमच्याकडे आकडाच नाही, मोघम शब्द आहे. मोघम कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असं तुम्ही म्हणू शकता. पण हमखास जिंकाल असं मी सांगणार नाही. आधी एक शोधा: कंपनी स्वतः कुणाला नोटीस न देता काढते तेव्हा त्याला नोटिशीचे पैसे कशावर देते? ग्रॉसवर देत असेल, तर तुमच्याकडून ग्रॉस मागणं सुसंगत आहे. बेसिकवर देत असेल, तर तुमची बाजू चांगलीच भक्कम होते.

रडका_राघू: माझं तर उलट झालं. मी पूर्ण नोटीस भरायला तयार होतो, राजीनामा देताच दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले, आणि तरी पैसे कापले!

कामगार_वकील: हा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही काम करायला तयार असल्याचा आणि त्यांनीच नको म्हटल्याचा मेल असेल, तर वसुलीला आधार उरत नाही. तोंडी बोलणं झालं असेल तर अवघड आहे.

एचआर_ताई: ते खरंय, आम्हीही तिथे कापत नाही. पण रजा नोटिशीत वळती करायची मागणी सगळे करतात, ती हक्काने मिळत नाही. बहुतेक धोरणांत वरिष्ठाची परवानगी लागते.

जुना_हिशेबनीस: तरी लेखी मागावी. 12 दिवस वळते झाले, तर ग्रॉसनेही 23 दिवसांचे 46,000 कापले जातील, म्हणजे 4,000 यांच्या हातात पडतील. रजेचे पैसे वेगळे मिळणार नाहीत, एवढंच. आणखी एक: वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर हरकत घ्या, ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने तो लागत नाही हे स्पष्ट झालंय.

नवी_वाट: जीएसटी लावलेला नाही. धोरणाची प्रत मागितली, तर ‘अंतर्गत आहे’ म्हणाले. 10,400 भरेपर्यंत रिलीव्हिंग लेटर देणार नाहीत.

एचआर_ताई: येणं बाकी असेल तर पत्र थांबवणं रास्तच आहे.

कामगार_वकील: मला ते मान्य नाही. पैशांचा दावा करायची वाट त्यांना मोकळी आहे. काम केल्याचा दाखला अडवून वसुली करणं म्हणजे दबाव आहे. नवी_वाट, आधी लेखी कळवा: ‘वेतन म्हणजे ग्रॉस हे कोणत्या कलमात आहे ते दाखवा, बेसिकवर होणारी रक्कम मला मान्य आहे.’ वाद नसलेली रक्कम मान्य केली की तुम्ही टाळाटाळ करताय असं कुणाला म्हणता येणार नाही.

जुना_हिशेबनीस: आणि नव्या कंपनीला आजच सांगून ठेवा की पत्र का अडलंय.