मदत हवी आहे: आयर्न थायोसायनेटचा K प्रत्येक ट्यूबला वेगळा येतोय

०.००२ M फेरिक नायट्रेट (०.५ M नायट्रिक आम्लात) प्रत्येक ट्यूबमध्ये ५ मिली, त्यात ०.००२ M KSCN १ ते ५ मिली, आणि त्याच आम्लाने एकूण १० मिली केलं. स्टँडर्डला ०.२ M फेरिक ९ मिली आणि KSCN १ मिली, म्हणजे सगळं थायोसायनेट लाल कॉम्प्लेक्समध्ये गेलं असं धरून २×१०⁻⁴ M.

निळा फिल्टर, कलरीमीटरचा झीरो डिस्टिल्ड वॉटरवर. स्टँडर्ड ०.९३, पहिली ट्यूब ०.१४, तिसरी ०.३४, पाचवी ०.५३. यावरून K आले अनुक्रमे १८३, १५० आणि १४५. नुसते वरखाली असते तर पिपेटची चूक म्हटलं असतं पण हे ओळीने उतरतायत, आणि सगळ्यात फिक्या ट्यूबलाच सगळ्यात जास्त, म्हणून वाटतं की प्रत्येक रीडिंगमध्ये ०.०३ च्या आसपास काहीतरी फुकटचं मिळतंय. तेवढं वजा केलं तर तिन्ही १४० च्या जवळ येतात!

फेरिकचा स्वतःचा पिवळेपणा असेल का? मग झीरो ५ मिली फेरिक आणि ५ मिली आम्लावर करू? पण स्टँडर्डमध्ये फेरिक १८० पट आहे, त्याला वेगळा ब्लँक लागेल ना? कोणी केलंय का असं? शुक्रवारी पुन्हा लावायचाय.