मदत हवी आहे: फार्मसीचं स्वॉट करायचं आहे, रविवारपर्यंत

कुर्टीचो_नातू
फोंड्याजवळ आमची फार्मसी आहे, जुनी. तीन वर्षं सेल हललेला नाही. रविवारी घरी सगळे बसणार आहेत. काका म्हणतात बाहेर '१० टक्के सूट'चा बोर्ड लावा, बाबा म्हणतात विकून टाकू. मी म्हटलं आधी नीट स्वॉट करू, म्हणजे दुकानाची ताकद, कमजोरी, संधी आणि धोके लिहून काढू, आणि त्यातून तीनच कामं ठरवू. चार खोके काढलेत पण सगळं गुळगुळीत होतंय. स्ट्रेंथमध्ये 'ओळखीचे गिऱ्हाईक', वीकनेसमध्ये 'सूट नाही', थ्रेटमध्ये 'ऑनलाइन'. पुढे काय करायचं ते प्लीज लवकर सांगा, लेक्चर नको.

मडगांवकार_७२
काका बरोबर बोलतायत. माझ्या भाच्याने मडगावात बोर्ड लावला आणि सेल वाढला, डोळ्यांनी बघितलंय. स्वॉट वगैरे कॉलेजात ठीक.

रॅक_नंबर_चार
@कुर्टीचो_नातू लेक्चर देत नाही पण माहिती तरी दे. महिन्याचा सेल किती, बिलिंग सॉफ्टवेअरवर आहे की हाताने, फार्मासिस्ट कोण, दुकान भाड्याचं की स्वतःचं, उघडं कधी ते कधी? यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. आणि 'सेल हललेला नाही' म्हणजे रुपये की बिलं?

कुर्टीचो_नातू
रुपये. महिन्याला साधारण ४.२ लाख. दुकान स्वतःचं, सॉफ्टवेअर आहे, एक पोरगा कामाला. फार्मासिस्ट बाबा. वेळ नेहमीचीच.

रॅक_नंबर_चार
नेहमीची म्हणजे?

कुर्टीचो_नातू
सकाळी साडेआठ ते दीड, मग चार ते साडेआठ. रविवारी सकाळचंच. सगळ्यांचंच असं असतं ना.

एमबीए_अर्धवट
स्वॉटला मॅट्रिक्स करा, प्रत्येक खोक्यात किमान १० पॉइंट पाहिजेत, मग वेटेज द्या, स्कोअर काढा. जवळ नवीन चेन फार्मसी आली असेल तर ती वीकनेसमध्ये टाका. माझ्याकडे पीपीटी आहे, पाठवू?

रॅक_नंबर_चार
बाहेरची चेन वीकनेसमध्ये कशी येईल, दुकानाच्या आत आपल्या हातात असलेलं ते स्ट्रेंथ-वीकनेस, बाहेरचं आपल्या हातात नसलेलं ते थ्रेट-ऑपॉर्च्युनिटी, हे एकदा मिसळलं की उपाय पण चुकीच्या जागी शोधतो माणूस. पण एक गोष्ट तुझी खरी आहे, वजन द्यावं लागतं. फक्त ते मनाने नाही, बिलाच्या आकड्याने.

नातू, बिलं मोज आधी. तीन वर्षांपूर्वी एका दिवसाला किती बिलं होती आणि आज किती. शेड्यूल्ड म्हणजे सरकारने कमाल दर ठरवलेल्या औषधांचे दर दरवर्षी एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे बदलतात, बाकीच्यांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे. म्हणजे रुपये जागच्या जागी असतील तर स्ट्रिपा कमी जातायत, दुकान थांबलेलं नाही, उतरतंय.

कुर्टीचो_नातू
बघितलं. तेव्हा दिवसाला सरासरी ९५ बिलं, आता ७८. बाबांना सांगितलं तर म्हणाले सॉफ्टवेअर चुकतंय.

मडगांवकार_७२
बघा, गिऱ्हाईक सूट मिळते तिकडे पळालं! बोर्ड लावा.

रॅक_नंबर_चार
काका, तुमच्या भाच्याचा सेल वाढला, महिन्याच्या शेवटी हातात किती उरलं ते विचारलंत? यांचं मार्जिन सगळं मिळून १८ टक्के धरा, म्हणजे ४.२ लाखांवर साडेपंचाहत्तर हजार. सगळ्यावर १० टक्के सूट दिली की ४२ हजार गेले. उरलेल्या ८ टक्क्यांत तेवढेच पैसे मिळवायला एमआरपीने ९ लाखांच्या वर माल विकावा लागेल. आणि शेड्यूल्ड औषधावर रिटेलरला खरेदी दरावर १६ टक्के मिळतात, म्हणजे विक्रीच्या हिशेबाने १४ च्या आतच. त्यावर १० दिले तर शंभराला चार रुपयेही उरत नाहीत.

मडगांवकार_७२
जेनेरिकवर मार्जिन चांगलं असतं, त्यातून निघतं.

रॅक_नंबर_चार
निघतं, पण डॉक्टरने ब्रँड लिहिलेली चिठ्ठी आपल्या मनाने बदलून देता येत नाही. ज्या दुकानात जेनेरिक जास्त जातात तिथे तुमचा भाचा बरोबर, इथे आकडा माहीत नाही.

पेडण्याची_सुमन
नमस्कार, माझा प्रश्न वेगळा आहे, जनऔषधी केंद्र घ्यायला किती खर्च येतो? ह्यांनी पण तेच का नाही करत?

बायलेन_डिचोली
@पेडण्याची_सुमन ताई वेगळा धागा काढा ना. तिथे मार्जिन कर सोडून एमआरपीच्या २० टक्के आहे पण औषधं फक्त त्यांचीच ठेवायची, जुनं चालू दुकान असं रातोरात तिकडे वळत नाही. आमच्याकडे २०१८ ला खाणी बंद झाल्यावर भाडेकरू गेले, ट्रकवाले गेले, तेव्हा मीही असाच फळ्यावर स्वॉट लिहिलेला. सगळ्यात उपयोगाची निघाली काउंटरवरची एक वही. गिऱ्हाईक मागतं आणि आपल्याकडे नसतं ते त्यात लिहायचं, औषधाचं नाव आणि अंदाजे किंमत. बाउन्स वही म्हणतो आम्ही. पोराला सांग, 'नाही' म्हटलं की लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही.

कुर्टीचो_नातू
ती वही आहे! बाबा लिहितात, मी बघितलीच नव्हती. दोन आठवड्यांत ६३ नोंदी, सरासरी १८० रुपयांच्या. त्यातली निम्म्याहून जास्त त्याच ११ औषधांची, बहुतेक बीपी आणि शुगरची.

रॅक_नंबर_चार
म्हणजे महिन्याला चोवीस-पंचवीस हजारांचा सेल 'नाही' म्हणून गेला. वीकनेसची पहिली खरी ओळ मिळाली. आता दोन रिपोर्ट काढ. एक, सहा महिन्यांत न हललेला माल, खरेदी किमतीने. दुसरा, गेल्या वर्षी नियमित बीपी, शुगर, थायरॉइडची औषधं घेणारी नावं आणि त्यातली गेल्या दोन महिन्यांत किती आली.

कुर्टीचो_नातू
न हललेला माल १.४ लाख (एकूण स्टॉक ९ लाखांचा). नियमितवाले १४०, त्यातले आलेले ७५. माणसामागे महिन्याला ९०० च्या आसपास. हे बघून पोटात गोळा आला. ६५ लोक??

मडगांवकार_७२
सूट!!

रॅक_नंबर_चार
थांबा हो काका. नातू, त्या ६५ पैकी काही जणांना बाबांनी फोन करू दे, तू नको, बाबांचा आवाज ओळखतील. 'का येत नाही' असं विचारायचं नाही, तब्येत कशी आहे, औषध कुठून घेता, एवढंच. आणि व्हॉट्सअॅपवर औषधांची नावं टाकू नका. घरात फोन कोणाच्या हातात असतो सांगता येत नाही, शुगरचं लपवणारे पण आहेत.

फोंड्यातलो_पार्किंगवालो
फोंड्यात तिस्कावर गाडी लावायला जागा नाही हे कोणी लिहिणार आहे का थ्रेटमध्ये. मी स्वतः दोन फार्मसी सोडून तिसरीत जातो कारण तिथे स्कूटर उभी राहते.

कुर्टीचो_नातू
बाबांनी फोन केले. दोघं-तिघं मुलाच्या ऑनलाइन ऑर्डरवर गेलेत, काहींना आता सरकारी हॉस्पिटलातून फुकट मिळतात. पण सगळ्यात जास्त लोक एकच बोलले: चिठ्ठीत पाच औषधं असतात, तुमच्याकडे चार मिळतात, पाचव्यासाठी दुसरीकडे जायचं तर पाचही तिथूनच घेतो. एका आज्जीने सांगितलं की त्या दुपारी बसने येतात तेव्हा तुम्ही बंद. सूट कमी म्हणून गेलो असं एकच जण म्हणाला.

बायलेन_डिचोली
झालं की. बाउन्स आणि गेलेलं गिऱ्हाईक ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. १८० रुपयांचं एक औषध नाही म्हणून ९०० चा माणूस जातोय, दर महिन्याला.

रॅक_नंबर_चार
बरोबर, म्हणून आता खोके बाजूला ठेव आणि जोड्या लाव. तुमची स्ट्रेंथ 'ओळखीचे गिऱ्हाईक' नाही, 'बाबांचा फोन उचलणारे जुने लोक' ही आहे, आणि चेन फार्मसीला ती विकत घेता येत नाही. त्यातून पहिलं काम: आधी ती ११ औषधं रॅकवर ठेवायची, मगच फोन, उलट केलंत तर परत तोंडावर पडाल. प्रत्येकाची संपायची तारीख वहीत लिहायची आणि पाच दिवस आधी फोन. हे बाबांचं. तीन महिन्यांत २२ लोक परत आले तर चाललं म्हणायचं.

दुसरं, त्या ११ साठी पैसे न हललेल्या मालातून काढायचे. हे तुझं. स्टॉकिस्टप्रमाणे यादी कर, बॅच, एक्सपायरी आणि खरेदीचं बिल जोडून. कापलेली स्ट्रिप सहसा घेत नाहीत आणि रोख देत नाहीत, क्रेडिट नोट देतात, तिच्यावरच नवीन माल उचलायचा. १.४ लाख सगळे सुटतील असं धरू नकोस, अर्धे आले तरी पुष्कळ. आणि १०+१ च्या स्कीमला भुलून परत तेच भरू नका, हा माल तसाच साचलेला असतो.

एमबीए_अर्धवट
२२ लोक × ९०० = १९,८०० आणि बाउन्स अर्धा वाचला तर १२ हजार. म्हणजे सेल महिन्याला ३२ हजारने वाढला, मार्जिन पावणेसहा हजार. एवढ्यासाठी एवढं?

रॅक_नंबर_चार
हो, एवढंच. बोर्ड लावून महिन्याला ४२ हजार घालवण्याच्या शेजारी हा आकडा ठेवा आणि रविवारी काकांना दाखवा. फक्त मोजताना चतुर्थीचे आठवडे सोडा, त्या दिवसांत गोव्यात कुठलाच सेल खरा नसतो.

कुर्टीचो_नातू
तिसरं काम दुपारी उघडं ठेवायचं करू का? आज्जीसारखे अजून असतील.

रॅक_नंबर_चार
फार्मासिस्ट नसताना पोरगा औषधं देणार? एकदा तपासणी आली की लायसन्सवर बेततं. आणि पगारी माणूस २० हजारात ठेवलास तर १८ टक्क्यांनी तेवढं काढायला एक लाख अकरा हजारांच्या आसपास जास्तीचा सेल हवा. दुपारच्या अडीच तासांत तो येणार नाही. बाबा दमले असतील तर ती वेगळी गोष्ट.

कुर्टीचो_नातू
वहिनीचं डी.फार्म झालंय.

बायलेन_डिचोली
अरे!! हे आता सांगतोस?

कुर्टीचो_नातू
ती घरी असते, लहान मूल आहे, म्हणून नाही लिहिलं. रजिस्ट्रेशन कर्नाटकातलं आहे, तिचं माहेर खानापूरचं.

रॅक_नंबर_चार
मग तिसरं काम तेच, पण आधी वहिनीला विचारा, रविवारी पुरुषांनी बसून तिची दुपार वाटून घेऊ नका. ती हो म्हणाली तर रजिस्ट्रेशन गोवा फार्मसी कौन्सिलकडे ट्रान्स्फर, मग एफडीएकडे दुकानाच्या लायसन्सवर तिचं नाव. ते झाल्यावरच दुपार उघडा, तीन महिने चालवून दीड ते चारची बिलं मोजा. रोज दहाही होत नसतील तर बंद करा.

मडगांवकार_७२
आणि तिला पगार? का घरचीच म्हणून फुकट?

कुर्टीचो_नातू
काका, हा मुद्दा मात्र बरोबर आहे, बाबांकडे याचं उत्तर नाही. पगार धरला तर तुमचाच हिशेब परत येतो @रॅक_नंबर_चार. तासाप्रमाणे दिला तर?

रॅक_नंबर_चार
अडीच तासांचे धर, पूर्ण दिवसाचे नको. तरीही महिन्याला सहा-सात हजार होतील, म्हणजे दुपारीच पस्तीस-चाळीस हजारांचा जास्तीचा सेल हवा. तसं असेल तर मी वर दहा बिलं म्हटलं ते परत मोजावं लागेल. सरासरी बिल किती?

कुर्टीचो_नातू
२०७.

रॅक_नंबर_चार
मग दिवसाला सात-आठ बिलं, पण नवीन. चारनंतर येणारेच दीडला आले तर ती मोजू नका, दिवसाची एकूण ७८ वरून किती वाढली तेच बघा.

पेडण्याची_सुमन
वेगळा धागा काढलाय, कोणीच उत्तर देत नाहीये 😔

कुर्टीचो_नातू
देव बरें करूं सगळ्यांचं. वहिनीशी बोललो, ती म्हणाली पहिली दोन कामं तुम्ही करून दाखवा मग बोलू. आमचे काका अजून बोर्डावरच आहेत.