अनुभव धागा: जीएसटी नोंदणी अडकली होती? स्टेटसचा अर्थ कसा लावला, तक्रार कुठे केली?

मानेवाड्याची मसालेवाली

काल भाचीने मोबाईलचा फोटो पाठवला. पोर्टलवर `Clarification filed-Pending for Order` अशी ओळ. खाली तिचा प्रश्न, "मामी, झालं ना आता?" ती ओळ पाहिली आणि माझा २०२५ चा अख्खा जुलै महिना डोळ्यांपुढे उभा राहिला.

सासूबाईंच्या घराच्या खालच्या खोलीत आमचं सावजी मसाल्याचं पॅकिंग. ऑनलाइन विकायचं म्हणून जीएसटी नोंदणीचा अर्ज भरला, २ जूनला. अर्जाचा क्रमांक, म्हणजे एआरएन, आला. `Pending for Processing` दिसायला लागलं. म्हणजे अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, मला काही करायचं नाही, एवढं कळलं. दोन आठवड्यांनी `Site Verification Assigned`. एक साहेब आले, कांडप मशीन, दारावरची पाटी, तिखटाचे डबे, सगळ्याचे फोटो काढून गेले. मला वाटलं, संपलं.

२५ जूनला `Pending for Clarification`. ही ओळ मी सहा दिवस पाहिलीच नाही, कारण अर्जात मेल आयडी माझा नव्हता, ज्यांनी अर्ज भरून दिला त्यांचा होता. ही ओळ आली म्हणजे चेंडू आपल्याकडे असतो आणि हातात कामाचे फक्त ७ दिवस असतात. नोटिशीत (REG-03) एकच वाक्य होतं, जागेच्या मालकीचा योग्य पुरावा जोडा. मी जोडलेलं लाईट बिल सासऱ्यांच्या नावाचं होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. संमतीपत्र मात्र सासूबाईंचं. कागदावरची दोन नावं जुळत नव्हती, बस एवढंच.

सासूबाईंनी देवघरातल्या बिस्किटाच्या डब्यातून महानगरपालिकेची घरटॅक्सची पावती काढली. त्यांच्या स्वतःच्या नावाची, चार घड्या पडलेली, कडेला कुंकवाचं बोट. तीच स्कॅन केली आणि ३ जुलैला REG-04 उत्तर भरलं. त्या दिवशी जी ओळ दिसली तीच काल भाचीच्या फोनवर होती. ती ओळ म्हणजे "झालं" नाही. उत्तर पोचलं, आता आदेश निघायचा आहे, एवढाच तिचा अर्थ.

आदेश काढायला साहेबांनाही कामाचे ७ दिवस असतात, ते १४ जुलैला संपले. ओळ तीच. २२ जुलैला वर तक्रार केली, २५ ला मंजूर झालं. अर्ज कुठल्या कार्यालयात होता ते लिहीत नाही, तो मुद्दा नाही. तुमचे अनुभव लिहा. भाचीलाही हा धागा वाचायला देणार आहे.

इतवारी_किराणा

ताई, उगाच त्रास घेतला. ७ दिवस झाले की आपोआप मंजूर होते. कायद्यातच आहे. भाचीला सांगा, स्वस्थ बसून राहा.

मसालेवाली

भाऊ, तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. माझे ७ झाले, मग १० झाले, १२ झाले. ओळ हललीच नाही.

धंतोलीचा सल्लागार

इतवारीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. नियम ९(५) मध्ये मानीव मंजुरी आहे. पण ७ दिवस कुठून मोजायचे ते स्टेटसवर ठरतं. आधार पडताळणी झाली असेल आणि अर्ज जोखमीचा म्हणून बाजूला काढला नसेल, तर अर्जापासून कामाचे ७ दिवस. जागा पाहणी लागली तर ३० दिवस. आणि मध्ये REG-03 निघाली की आधीची मोजणी विसरा, तुमचं उत्तर पोचलं त्या दिवसापासून पुन्हा ७.

ताईंच्या बाबतीत ३ जुलैनंतर १४ ला मुदत संपली. नियमाप्रमाणे तिथेच मानीव मंजुरी व्हायला हवी होती. पोर्टलवर ती का उमटली नाही हे बाहेरून सांगता येत नाही, माझ्याकडेही अशा दोन फायली आल्या होत्या. म्हणूनच स्वस्थ बसू नये. तक्रारीत "लवकर करा" असं लिहू नका. "उत्तर अमुक तारखेला दिलं, नियम ९ ची मुदत अमुक तारखेला संपली" असं लिहा.

सक्करदरा_एक्सप्रेस

माझी पण नोंदणी अडकली आहे, चार महिने झाले. जुन्या गाडीची आरसी ट्रान्सफर होऊन नाही राहिली. याचं काय करायचं?

मसालेवाली

दादा, हे जीएसटीबद्दल चाललंय. गाडीसाठी वेगळा धागा काढा ना, तिथे माहितगार भेटतील.

सक्करदरा_एक्सप्रेस

अरे हो. शीर्षकात फक्त "नोंदणी" वाचलं. सावजी मसाला कुठे मिळेल ते तरी सांगा.

प्रिया_हिंगणा

मी चुकीच्या दारावर तीन आठवडे घालवले, म्हणून लिहिते. पोळ्या करता करता लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या. माझा अर्ज सबमिटच होत नव्हता, सहीच्या टप्प्यावर एरर. मी त्या भागाच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, एआरएनच आला नाही तर आमच्याकडे काही दिसतच नाही. बरोबर होतं त्यांचं. पोर्टलच अडत असेल तर selfservice.gstsystem.in वर तिकीट काढायचं, किंवा १८००-१०३-४७८६ ला फोन. तिकिटात एररचा पूर्ण मजकूर, तारीख, वेळ आणि स्क्रीनचा फोटो. मी आधी नुसतं "एरर येतोय" लिहिलं होतं, तिकीट बंद करून टाकलं. फोटो टाकला तेव्हा दोन दिवसांत सुटलं.

धंतोलीचा सल्लागार

हाच खरा फरक आहे. एआरएन आला नाही, ओटीपी येत नाही, `Validation Against Error` दिसतंय (बहुतेक वेळा पॅनवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही), तर अधिकाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही. एआरएन आला आणि नंतर अडलं, तर पोर्टलच्या तिकिटाचा उपयोग नाही. ते तुम्हाला "अधिकाऱ्याशी संपर्क साधा" एवढंच उत्तर देतात.

नंदनवन७७

घरमालकाचं आधार, पॅन, शिवाय दुकानात उभं राहून मालकाचा फोटो, एवढं मागितलं मला. मालक ८१ वर्षांचे, जिना उतरत नाहीत. द्यावंच लागतं का हो?

धंतोलीचा सल्लागार

नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना आहे, क्रमांक ०३/२०२५. भाडेकरार आणि मालकाच्या मालकीचा एक कागद (घरटॅक्स पावती किंवा लाईट बिल यांपैकी एक) पुरेसा. करार नोंदणीकृत नसेल तरच मालकाचं ओळखपत्र लागतं. मालकाचं पॅन, आधार, जागेतला फोटो हे मागू नये असं त्यात स्पष्ट आहे. यादीबाहेरचा कागद मागायचा तर अधिकाऱ्याने आधी उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांची मान्यता घ्यायची आहे. REG-04 मध्ये सूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा, करार आणि पावती जोडा. भाषा नम्र ठेवा. आणि मुदतीत उत्तर द्या. "चुकीचं मागितलं" म्हणून गप्प बसलात तर `Clarification not filed-Pending for Order` दिसेल, आणि तिथून अर्ज नाकारणं सोपं होतं.

नंदनवन७७

धन्यवाद सर. मालकांना आत्ताच फोन करून सांगितलं. खूष झाले, म्हणे चहाला ये.

कविता_महाल

ताई, वर तक्रार केली म्हणजे नेमकी कुठे? माझ्या मिस्टरांचं दीड महिना झालं. ऑफिसात गेलं की "प्रोसेसमध्ये आहे".

मसालेवाली

मी आधी त्या कार्यालयात एक लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठ दिवस वाट पाहिली. मग मेल. मेलमध्ये चारच गोष्टी होत्या: एआरएन, अर्ज केंद्राच्या की राज्याच्या अधिकाऱ्याकडे आहे, तारखा ओळीने, आणि अडचण दोन वाक्यांत. आधी मी दीड पान लिहिलं होतं, सासऱ्यांचं आजारपण वगैरे सगळं. मुलाने ते काढायला लावलं. त्याचं ऐकलं हे बरं केलं.

धंतोलीचा सल्लागार

कविताताई, २ मे २०२५ च्या सूचना ०४/२०२५ मध्ये हीच वाट दिली आहे. अर्ज केंद्राकडे असेल तर झोनच्या मुख्य आयुक्तांच्या कार्यालयाने यासाठी जाहीर केलेल्या मेलवर तक्रार करायची. आपला नागपूर झोन. अर्ज राज्याकडे असला तरी झोनकडे गेलेली तक्रार ते राज्याच्या अधिकाऱ्यांकडे पाठवतात, प्रत जीएसटी परिषदेच्या सचिवालयाला जाते. फक्त यात वेळ जातो, म्हणून कोणाकडे आहे ते आधीच पाहून घ्या.

इतवारी_किराणा

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर टाकलं की सगळे हलतात.

धंतोलीचा सल्लागार

तो मार्ग आहे, पण मी दुसऱ्या पायरीला ठेवतो. तिथे निकालासाठी २१ दिवस धरलेले आहेत आणि तक्रार फिरून शेवटी त्याच कार्यालयाकडे येते. आधीच्या पत्राची पोच आणि मेलची तारीख जोडली असेल तर तिला वजन येतं. उत्तर पटलं नाही तर तिथेच अपील करता येतं.

कविता_महाल

आणि नाकारलं तर? आमचं नाही, पण जाऊबाईंचं REG-05 आलंय.

धंतोलीचा सल्लागार

कारण वाचा. कागदाची चूक असेल तर दुरुस्त करून नवा अर्ज, हेच जलद. कारणच चुकीचं असेल तर कलम १०७ खाली अपील, ३ महिन्यांत. मात्र जुनाच कागद लावून नवा अर्ज करू नका, तोच प्रश्न पुन्हा येतो.

प्रिया_हिंगणा

मसालेवाली ताई, काळा मसाला आहे का तुमच्याकडे? अर्धा किलो हवा होता. आईला हिंगण्याचा आवडत नाही.

मसालेवाली

आहे ना. व्यनि करते.

भाचीचं आत्ता विचारून घेतलं. उत्तर मागच्या सोमवारी भरलंय, म्हणजे कामाचे ७ दिवस उद्या संपतात. अर्जातला मेल आयडी कोणाचा, विचारलं तर म्हणाली, "भरून देणाऱ्या काकांचा." तिला म्हटलं, आधी काकांकडून तो मेल उघडून घे, आणि पोर्टलवर स्वतः एआरएन टाकून रोज सकाळी ओळ बघ. परवा हलली नाही तर लेखी अर्ज घेऊन मी तिच्यासोबत जाणार आहे.

सक्करदरा_एक्सप्रेस

ताई, मला पण व्यनि करा. पाव किलो.