अनुभव धागा: पीपीईच्या स्लाइड्स, मोठे फोटो, कमी शब्द

आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये दर सोमवारी पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं सेफ्टीचं ब्रीफिंग असतं. समोर चाळीस माणसं, निम्मी कंत्राटी, भाषा तीन, आणि काहींना वाचताच येत नाही. माझ्याकडे आलेल्या जुन्या डेकमध्ये बत्तीस स्लाइड्स होत्या आणि प्रत्येकीवर परिच्छेद. आता मी आठच ठेवणार आहे. प्रत्येकीवर पडदाभर एक फोटो आणि खाली जास्तीत जास्त चार शब्द. तुम्ही असं काही केलं असेल, तर कुठला फोटो फसला आणि कुठला चालला ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

सेफ्टीतला जुना

ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, या माझ्या स्लाइडची गोष्ट सांगतो. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं टोक अडकलं की बोट सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून ही स्लाइड पहिल्या दिवसापासून डेकमध्ये होती. फोटोत मोजा घातलेला हात ड्रिलजवळ आणि त्यावर लाल फुली. दाखवायच्या आधी सहज म्हणून चहाच्या वेळी दहा जणांना एकेकटं गाठून विचारलं, "यात काय दिसतंय?" सहा जणांनी बरोबर सांगितलं. दोघं म्हणाले, "ड्रिलला हात लावू नका." उरलेल्या दोघांनी "मोजे घाला" असं सांगितलं! फुली इतकी जाड होती की तिच्याखाली मोज्याचा मनगटाकडचा भागच झाकला गेला होता. त्यांना हात दिसला, मोजा दिसला, आणि सेफ्टीवाला मोजे घाला असंच सांगणार हे ते धरून चालले.

मग फुली काढून टाकली. नवा फोटो आमच्याच ड्रिलचा: जॉब वाइसमध्ये आवळलेला, उघडा हात हँडलवर, बाहीचं बटण लावलेलं, आणि मोजे शेजारच्या खुंटीला टांगलेले. खाली दोन शब्द, "मोजे खुंटीला". दुसऱ्या स्लाइडवर तोच माणूस, मशीन बंद, मोजे घातलेले, ब्रशने बर काढतोय. पुन्हा दहा जणांना विचारलं. या वेळी फक्त एक अडखळला, पण उलटा अर्थ कुणीच लावला नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं. सेफ्टीच्या चिन्हांसाठी अमेरिकेचं एक मानक आहे. त्यात शंभरातल्या 85 जणांना अर्थ कळला पाहिजे, आणि धोक्याचा ठरेल असा उलटा अर्थ लावणारे 5 पेक्षा जास्त नकोत. दहा माणसांवर टक्के काढणं हास्यास्पद आहे, पण चाळणी तीच वापरावी.

दुसरी पाळी

मी समोर बसणाऱ्यांतला. तुमचे ते चकचकीत फोटो, गोरा माणूस, नवंकोरं हेल्मेट, दात दाखवून हसणारा, ते आले की आम्ही शेजाऱ्याशी बोलायला लागतो. एकदा कुणीतरी आमच्या लाइनवरच्या एका फिटरचा फोटो लावला. सगळे ओरडले, "अरे हा बघ!" पण त्या फोटोत त्याच्या हेल्मेटचा पट्टा सुटलेला होता. सहा महिने त्याची थट्टा चालली आणि पट्टे आपोआप लागायला लागले. ते ठरवून केलं होतं की चुकून, हे अजून कळलेलं नाही.

ग्राइंडरवाला

ग्राइंडिंगची स्लाइड समोरून काढलेल्या फोटोची करू नका. समोरून बघितलं की चष्मा छान दिसतो. ठिणगी मात्र बाजूने आणि खालून घुसते, गाल आणि काच यांच्यामधल्या फटीतून. आम्ही फोटो बाजूने काढला. त्यात फट स्पष्ट दिसली. मग त्याच माणसाला चष्म्यावर फेस शील्ड चढवायला लावून दुसरा फोटो घेतला. शब्द: "आधी चष्मा, मग शील्ड." शील्ड लावलं की चष्मा नको असं बऱ्याच जणांना वाटतं. शील्ड वर उचललं की डोळे उघडे पडतात आणि खालून येणारा कण शील्ड अडवत नाही, हे फोटोत दाखवता येतं.

हे दोन फोटो एकाच स्लाइडवर शेजारी ठेवू नका. आधी चूक आणि मग बरोबर असं आपण डावीकडून वाचतो. उजवीकडून वाचणाऱ्या भाषेतला आमचा एक जण ते नेमकं उलटं वाचत होता.

पीपीटी सेवक

फॉन्ट 40 च्या वर ठेवा आणि ट्रान्झिशन साधं ठेवा. मी स्लाइड्स फुलवण्यासाठी पिवळी बॅकग्राउंड वापरतो, छान दिसते.

सेफ्टीतला जुना

पिवळी बॅकग्राउंड? हेल्मेट पिवळं, शेडच्या पत्र्यातून ऊन आत येतं, प्रोजेक्टर मंद. पडद्यावर हेल्मेट विरघळून जातं. आणि प्रश्न फुलवण्याचा नाहीये हो.

लाइन लीडर

कानाची स्लाइड आम्ही सोपी केली. फोम प्लगचा फोटो आणि पाकिटावरचा आकडा, 33 डेसिबल. प्रेसजवळ 95 असतं. वजा केले की 62 उरतात, म्हणजे घरातल्या गप्पांएवढं. कामगारांना हिशोब पटला.

आवाज मोजणारी

हिशोब दिसतो तितका सरळ नाही. तो आकडा प्रयोगशाळेतला, प्लग नीट बसवलेल्या कानाचा. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची सावध पद्धत अशी: आवाज डीबी-ए मध्ये मोजला असेल, तर 33 मधून आधी 7 वजा करायचे आणि उरलेल्या 26 चे निम्मे, म्हणजे 13 धरायचे. तुमचे 95 मग 82 वर येतात, 62 वर नाही. आणि प्लग अर्धाच कानात गेला तर तेवढेही नाहीत. म्हणून स्लाइडवर आकडा नको, हात हवेत. आमच्या तीन स्लाइड्स आहेत. पहिलीत बोटांमध्ये वळून बारीक केलेला प्लग, दुसरीत डोक्यावरून पलीकडे नेलेल्या हाताने कान वर आणि मागे ओढलेला, तिसरीत प्लगवर बोट दाबून धरलेलं. बोट तीस सेकंद धरायचं, कारण फोमला फुगायला वेळ लागतो. मी तेवढा वेळ स्लाइड तशीच ठेवते आणि सगळ्यांना तेच करायला लावते. नंतर शेजाऱ्याच्या तोंडाकडे समोरून बघायचं. प्लगचं टोक कानाबाहेर डोकावत असेल, तर तो नीट बसलेला नाही.

लाइन लीडर

बरं. पण इतकं बसवलं तर फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येतो का? आमच्याकडे लोक त्याचसाठी प्लग काढतात.

आवाज मोजणारी

ही तक्रार खरी आहे. जास्त आकड्याचा प्लग घेतला की माणूस आजूबाजूच्या आवाजांपासून तोडला जातो. आम्ही कमी आकड्याचा घेतला आणि फोर्कलिफ्टला दिवा लावला. तरी सगळे समाधानी नाहीत.

वेल्डिंग

कापलेल्या बोटाचा फोटो लावा. तोच लक्षात राहतो.

ग्राइंडरवाला

आम्ही लावला होता. अर्ध्यांनी मान फिरवली. नंतर विचारलं तर जखम आठवत होती, मोजा कुठला ते कुणालाच नाही.

वेल्डिंग

मला आठवतो. त्या दिवसापासून ड्रिलवर मोजे काढतो. आता बोला.

नंबरचा चष्मा

माझी गोष्ट वेगळी आहे. या सगळ्या फोटोंत नंबरचा चष्मा लावणारं कुणीच नसतं. सेफ्टी चष्मा मिळाला की मी माझा काढून खिशात ठेवायचे आणि मग माप धूसर दिसायचं. वर चढणारा गॉगल मिळतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. एक फोटो त्याचाही ठेवा. आणि मोज्यांचे फोटो नेहमी पुरुषाच्या हाताचे असतात. माझ्या हाताला मोठा मोजा बोटांच्या टोकाला लोंबतो.

धागा काढणारा

ड्रिलच्या दोन स्लाइड्स, ग्राइंडिंगच्या दोन, कानाच्या तीन, म्हणजे सात झाल्या. आठवी चष्म्यावरच्या गॉगलची. हेल्मेट, बूट राहिले. ते गेटवरच फोटो लावून दाखवावेत असं वाटतंय, पण मॅनेजर ऐकेल असं दिसत नाही. उद्या चहाच्या वेळी दहा जणांना विचारून बघतो.