जाहिरात इंजिनिअरची, मागणी वरच्या पदाची: तुमचे अनुभव सांगा

वाळूजकर: मागच्या महिन्यात वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली. अनुभव मागितला 4 ते 6 वर्षं. माझी 9 झाली, तीन शिफ्टचे 11 इन्स्पेक्टर हाताखाली. कन्सल्टंटचा फोन आला तेव्हा वरच्या पदाचं बोलायची जीभ रेटली नाही. ऑफर आल्यावर बोललो, तर एचआर मॅडम म्हणाल्या, "सर, आता सगळं अप्रूव्ह झालंय." कुणी वेळेत विचारलंय का?

शेंद्र्याची मी: मी विचारलं, पहिल्याच फोनवर, पगाराचा आकडा निघायच्या आत. कन्सल्टंटला एवढंच म्हटलं, "दादा, ही जागा रिपोर्ट कुणाला करते?" तो म्हणाला, थेट प्लांट हेडला. मधे कुणीच नाही! म्हणजे काम मॅनेजरचं आणि पाटी इंजिनिअरची. मग त्याला लिहून पाठवलं: "या जागेत रस आहे. पण गेली तीन वर्षं कस्टमर ऑडिट मी एकटी सांभाळते, 8 जणांची टीम आहे. असिस्टंट मॅनेजरसाठी माझा विचार होईल का, हे प्लांट हेडना विचाराल का? नसेल जमत तर आत्ताच सांगा." तो मजकूर त्याने जसाच्या तसा पुढे ढकलला.

आठ दिवस सामसूम. मग एचआरचा फोन, मंजुरी इंजिनिअर ग्रेडचीच आहे. तरी मुलाखत प्लांट हेडनेच घेतली. कस्टमरच्या एका तक्रारीचा माझा 8D रिपोर्ट त्यांनी ओळ न् ओळ विचारला. शेवटी पद मिळालं असिस्टंट मॅनेजरचं, ग्रेड मात्र सिनिअर इंजिनिअरचा. पाटी बदलायला एचआरची सही पुरली, ग्रेडला बजेट लागतं.

जालना 431203: कन्सल्टंटला घाबरायचं कशाला राव? त्याची फी आपल्या वर्षाच्या पगारावर असते. पगार वाढला की त्याचाही फायदा, तो आपल्याच बाजूने भांडतो.

शेंद्र्याची मी: फी तशी असते बऱ्याचदा, पण जागा भरली नाही तर त्याला छदामही मिळत नाही. तुमच्यामुळे अडेल असं वाटलं की तो दुसऱ्याचा सीव्ही पुढे करतो. म्हणून मी "नसेल जमत तर सांगा" लिहिलं.

लातूरचा आप्पा: माझंही तेच रडगाणं. सहा वर्षं एकाच कंपनीत, प्रमोशन नाही. साहेबाला सांगून थकलो.

वाळूजकर: आप्पा, तुमचं घरातलं भांडण आहे, आम्ही बाहेरच्या दाराचं बोलायलोत. ताई, ग्रेडचं पुढे काय झालं?

शेंद्र्याची मी: ऑफर लेटरमध्ये "सहा महिन्यांनी ग्रेडचा आढावा" अशी ओळ घालून घेतली होती. आढावा झाला, ग्रेड नाही. मार्चनंतर बघू म्हणतात.

नांदेडची एचआर: ओळीत आढाव्याची तारीख होती, ग्रेडचं नाव होतं का?

शेंद्र्याची मी: नव्हतं.